बरणीत तेल किती, ते आधी मोजा

घरचं लोणचं विकायला काढायचं ठरलं की बहुतेक जणी बरणीच्या रूपापासून सुरुवात करतात. काचेची बरणी, झाकणावर जाड्याभरड्या कापडाचा तुकडा, त्याला सुतळीची गाठ, पोटावर नावासाठी मोकळी जागा आणि आत लालसर तेलाची चमक. मोबाइलवर असे फोटो पाहिले की शिरूर कासारच्या बचत गटातल्या ताईलाही वाटतं, आपली बरणी अशी दिसावी. दिसावीच. पण त्या फोटोतली जी गोष्ट लोणच्याची राखण करते ती म्हणजे वरचं तेल, आणि तेच कोणी मोजत नाही. म्हणून ताई-मावशींनो, फडक्याचा रंग आणि लेबलवरची वेलबुट्टी चार दिवस बाजूला ठेवा. शाळकरी पोराची पट्टी घ्या आणि फोडींच्या वर तेल किती उभं राहतं ते बघा.

देशाच्या अन्न सुरक्षा नियमांत तेलातल्या लोणच्यासाठी दोन अटी आहेत. निथळल्यावर उरणारा माल ६० टक्क्यांपेक्षा कमी नको. आणि फोडींच्या वर किमान अर्ध्या सेंटिमीटरचा तेलाचा थर हवा, किंवा एकूण लोणच्यात तेल किमान १० टक्के हवं. यातला ‘किंवा’ धरून कोणी म्हणेल, आमचं तेल दहा टक्क्यांच्या वर आहे, मग थर नसला तरी चाललं. कायद्याला चालेल. पण मसाल्यात मुरलेलं तेल वर उघड्या पडलेल्या फोडीला झाकत नाही, आणि बुरा त्याच फोडीवर धरतो.

आपल्या तालुक्यात लोणचं हे हौसेचं खाणं नाही. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याच्या सामानात भाकरीच्या पिठाबरोबर लोणच्याचा डबा असतो. माणसं उन्हाळ्यात परततात तेव्हा कैरी आलेली असते, आणि पुढच्या खेपेची तयारी त्याच महिन्यात होते. त्यामुळे लोणचं घालायला इथल्या बाईला शिकवण्याची कोणाची टाप नाही. बदलतं ते एवढंच, की घरच्या बरणीची मालकीण एक असते. ती हात कोरडा करून, चमचा पुसून बरणी उघडते, लोणचं वर आलेलं दिसलं तर दाबून बसवते, तेल कमी वाटलं तर वरून घालते. पुण्यातलं गिऱ्हाईक यातलं काही करणार नाही. ते ओला चमचा घालेल आणि झाकण अर्धवट फिरवून ठेवेल. घरी जी राखण तुमचा हात करत होता, ती आता बरणी भरतानाच करून ठेवावी लागते.

तेल काय करतं आणि काय करत नाही, हे आधी नीट समजून घेऊ. तेल जंतू मारत नाही. ते फक्त हवा अडवतं. बुऱ्याला हवा लागते, म्हणून तेलाखाली तो वाढत नाही. जंतूंना आवरतं ते मीठ आणि कैरीचा आंबटपणा. मीठ तेलात विरघळत नाही, ते कैरीच्या पाण्यात विरघळून खार होतो, आणि त्या खारात मीठ किती दाट आहे यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून तेल भरपूर घातलं, आता मीठ कमी चालेल, हा हिशेब चुकीचा आहे. दोघांची कामं वेगळी.

यातूनच एक धोक्याची गोष्ट निघते, ती इथेच सांगून टाकते. लसूण, हिरवी मिरची यांना कैरीसारखा स्वतःचा आंबटपणा नाही. अशा वस्तू तेलात बुडवल्या की हवा बंद होते, आणि हवेशिवायच वाढणाऱ्या बोट्युलिनम नावाच्या जंतूला मोकळं रान मिळतं. त्याचं विष माणसाला ठार करू शकतं, आणि लोणच्याला वास येईल, रंग बदलेल, असा भरवसा नसतो. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे सामू. तो ४.६ च्या खाली असला की हा जंतू वाढत नाही. कच्ची कैरी आणि लिंबू त्याच्या बऱ्याच खाली असतात. म्हणून विक्रीची सुरुवात कैरीने किंवा लिंबाने करा. लसणाचं लोणचं विकायचं असेल तर त्यात भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हवं, आणि मुरल्यानंतर प्रयोगशाळेतून सामू मोजून आणल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देऊ नका. घरी आपण खातो की, हे उत्तर इथे पुरत नाही.

आता एक घाणा मांडून बघू. समजा कैरी धुऊन, पुसून, अडकित्त्याने फोडून पाच किलो फोडी निघाल्या. त्याला मीठ ७५० ग्रॅम, मोहरीची डाळ ४००, तिखट ३००, मेथी १००, हळद ७५, हिंग ५० ग्रॅम, आणि शेंगदाण्याचं तेल दीड किलो. बेरीज आठ किलो १७५ ग्रॅम. तेल किलोतच मोजा, लिटरमध्ये नको, कारण एक लिटर तेलाचं वजन ९१५ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि घाण्यागणिक चूक वाढत जाते. या मापात तेल १८ टक्के पडतं, आणि फोडी ६१ टक्के. पाच किलो फोडींत चार लिटरच्या आसपास पाणी असतं, त्यात पाऊण किलो मीठ म्हणजे दर शंभर ग्रॅम खारात पंधरा-सोळा ग्रॅम मीठ. हे पुरेसं आहे. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवल्यावर सुटलेला खार काही जणी फेकून देतात. फेकला की त्याबरोबर मीठही गेलं आणि आंबटपणाही. फोडी कोरड्या करायच्याच असतील तर फडक्यावर सावलीत पसरा, पण खार गाळून परत लोणच्यात घाला. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण थंड करा, मगच ओता. घाण्यावरचं तेल असेल तर ते आधी निवळू द्या, कारण तळाच्या गाळात ओल असते. करडईचं तेल आपल्याकडे जुनं आणि चवीचं, पण ते शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवट होतं. घरी दोन-तीन महिन्यांत संपणाऱ्या लोणच्याला ते झकास आहे, दुकानात सहा महिने उभ्या राहणाऱ्या बरणीला नाही.

घाणा झाला की लगेच छोट्या बरण्या भरू नका. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सुरुवातीला फोड कडक असते, तेल वर छान तरंगतं, बरणी फोटोला सुंदर दिसते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फोड मऊ पडते, मेथी आणि मोहरीची डाळ फुगते, तेल आत शिरतं. भरताना एक सेंटिमीटर दिसलेला थर दुकानात पोचेपर्यंत नाहीसा झालेला असतो आणि दोन फोडी वर नाक काढून बसलेल्या असतात. म्हणून घाणा चिनी मातीच्या मोठ्या बरणीत पंधरा ते वीस दिवस मुरू द्या, रोज कोरड्या लाकडी उलथन्याने तळापासून हलवा. मुरल्यावर काचेच्या बरण्या भरा, कोरड्या चमच्याने दाबून अडकलेली हवा बाहेर काढा, आणि वरून तापवून थंड केलेलं तेल घालून थर पुरा करा. भरलेल्या बरण्या आठवडाभर घरात उभ्या ठेवा. त्यानंतरही थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर असेल तरच झाकण पक्कं करा. भरताना एक सेंटिमीटर धरला तर शेवटी अर्धा उरतो, असा साधारण अंदाज ठेवावा.

या वरच्या तेलाचा खर्च आधीच धरा. सहा सेंटिमीटर रुंद पोटाच्या बरणीत एक सेंटिमीटर थराला २८ मिलिलिटर, म्हणजे साधारण २६ ग्रॅम तेल लागतं. वरच्या घाण्यातून निघणाऱ्या अडीचशे ग्रॅमच्या बत्तीस बरण्यांना आठशे ग्रॅमच्या वर तेल झालं. दीड किलोत सगळं बसवलं आणि वरचं तेल हिशेबात धरलं नाही, की मग हात आखडतो. शिवाय वर ओतलेलं तेल निव्वळ वजनात येतं, तेव्हा काट्यावर २५० ग्रॅम दाखवायला लोणचं कमी आणि तेल जास्त असंही करू नका. निथळून बघणारा ग्राहक कधीतरी भेटतोच.

बरणी विकत घेताना आणखी एक फसगत होते. काचेच्या बरण्यांचे व्यापारी ‘अडीचशे ग्रॅमची बरणी’ म्हणतात ते पुष्कळदा मधाच्या वजनाने. मध पाण्यापेक्षा बराच जड, त्यामुळे २५० ग्रॅम मध १८० मिलिलिटरच्या बरणीत मावतो. लोणचं तेवढं जड नसतं, शिवाय फोडींच्या मध्ये पोकळी राहते. त्या बरणीत अडीचशे ग्रॅम लोणचं ठासून भरलं की तेलाला जागाच उरत नाही, आणि झाकण लावताना तेल बाहेर येतं. २५० ग्रॅम लोणचं, वर तेल, आणि तेलाच्या वर बोटभर मोकळी जागा यासाठी ३०० मिलिलिटरच्या आसपासची बरणी लागते. दुकानदाराला विचारत बसण्यापेक्षा नमुन्याची एक बरणी आणा, रिकामी तोला, काठोकाठ पाणी भरून परत तोला. जेवढे ग्रॅम वाढले तेवढे मिलिलिटर. तेल झाकणाच्या आतल्या रबरी कड्याला लागता कामा नये. तेलाने ते कडं मऊ पडतं, आणि खार लागला तर पत्र्याच्या झाकणाला गंज धरतो.

बरण्या गार पाण्यात ठेवून पाण्याला उकळी आणा, दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या, मग पालथ्या घालून उन्हात खडखडीत वाळवा. आत एक थेंब पाणी राहिलं तरी तो तळाशी जाऊन बसतो, तिथला खार पातळ करतो आणि तिथूनच आंबायला सुरुवात होते. गरम तेल थंड काचेत ओतू नका, तडा जाईल. आणि घाऊक माल घेण्याआधी झाकणाची परीक्षा करा. बरणीत नुसतं तेल भरा, झाकण घट्ट करा, वर्तमानपत्रावर रात्रभर पालथी ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल तर त्या झाकणाचा लॉट परत करा. एसटीच्या डिकीतून बीडला आणि तिथून पुढे जाणारी बरणी किती वेळा आडवी होते, ते तुम्हाला माहीतच आहे.

आता फडकं. मोठ्या बरणीला दादरा बांधायची रीत आपली जुनीच. त्या दादऱ्याला काम होतं. लोणचं मुरत असताना धूळ, मुंगी आत जाऊ नये आणि आतली वाफ कोंडू नये. विक्रीच्या बरणीवर तो केवळ शोभेचा आहे, आणि शोभेला माझी हरकत नाही. पण कापड तेल ओढतं. झाकणाच्या कडेला तेलाचा ओघळ असला की फडकं ते वातीसारखं शोषून घेतं, दोन दिवसांत त्यावर काळपट डाग पडतो आणि आषाढात त्याच डागावर बुरा येतो. ग्राहकाला वाटतं लोणचंच बिघडलं. म्हणून झाकण लावल्यावर बरणीचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, झाकण आणि काच मिळून एक पारदर्शक पट्टी आवळून घ्या, म्हणजे बरणी कोणी उघडलेली नाही हे दिसेल. मग त्यावर धुऊन, इस्त्री करून वाळवलेल्या मांजरपाटाचा तुकडा बांधा, तोही झाकणापुरताच. खाली लोंबणारी झालर तेलाचा थर झाकते, आणि तो थर तर गिऱ्हाइकाला दिसायला हवा.

लेबलची जागाही त्या थरावरून ठरवा. बरणीच्या खांद्याखाली दोन बोटं काच मोकळी सोडा, तिथे तेलाची रेघ दिसू द्या. लेबल त्याच्या खाली. ते भरण्याआधी, काच कोरडी असतानाच चिकटवा. भरल्यावर काचेला कितीही पुसलं तरी तेलाचा हात लागलेला असतो आणि कोपरे सुटतात.

लेबलवर काय हवं याची यादी नियमांत आहे, पण आपल्याकडे अडखळतात त्या चार-पाच जागाच सांगते. पहिली म्हणजे भाषा. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला कितीही लिहा, पण फक्त मराठी लेबल नियमात बसत नाही. हे मला पटत नसलं तरी नियम तोच आहे, आणि हजार लेबलं छापल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. दुसरी, घटक उतरत्या वजनाने लिहायचे. वरच्या घाण्याची यादी अशी होईल: कैरी, शेंगदाणा तेल, मीठ, मोहरी डाळ, मिरची पूड, मेथी, हळद, हिंग. नुसतं ‘खाद्यतेल’ लिहून चालत नाही, कोणतं ते सांगावं लागतं. आणि या महिन्यात शेंगदाणा महाग म्हणून सरकीचं तेल वापरलं तर लेबलही बदलावं लागतं. तिसरी जागा हिंगाची. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे पुष्कळदा डिंक आणि गव्हाचा मैदा मिसळलेला हिंग. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी तो धोका आहे, म्हणून हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा आणि त्यात गहू असेल तर ‘गहू आहे’ असं लेबलवर वेगळं नोंदवा. इतक्याशा हिंगाने काय होतं, असं म्हणू नका.

चौथी जागा वजन आणि किंमत. निव्वळ वजनात काच, झाकण, फडकं धरत नाहीत. कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह लिहायची, आणि तिच्यासोबत एका ग्रॅमची किंमतही. २५० ग्रॅम १२० रुपयांना असेल तर ग्रॅममागे ४८ पैसे. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, आणि अन्न सुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक. छोट्या उत्पादकाला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते, ती ऑनलाइन होते. दुसऱ्या गटाचा क्रमांक उसना घेऊन छापायचे प्रकार चालतात. ते करू नका. तो क्रमांक ज्याच्या नावावर, त्याच्या स्वयंपाकघराची हमी असते.

पाचवी, तारखा. ‘वर्षभर टिकतं’ हे घरच्या बरणीबद्दल खरं असेल. विक्रीच्या बरणीवर पहिल्या वर्षी सहा महिनेच लिहा. प्रत्येक घाण्याला एक क्रमांक द्या, तो क्रमांक आणि तारीख लेबलवर शिक्क्याने उमटवून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, कारण पेनाची शाई तेलाच्या बोटाने पुसली जाते. त्या घाण्यातली एक बरणी विकू नका. घरात अंधाऱ्या फडताळात ठेवा, महिन्यातून एकदा उजेडात धरून बघा: थर किती उरला, फोड वर आली का, झाकण फुगलं का. पुढच्या वर्षी किती महिने छापायचे ते ती बरणी सांगेल. पोषणमूल्यांचा तक्ता, सामू, शेल्फ लाइफ यांच्या तपासणीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. ती कुठे आहे, नमुना कसा पाठवायचा, हे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात किंवा अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं.

बिघाड ओळखायचा कसा? वर पांढरा किंवा हिरवट पुंजका दिसला तर तेल कमी पडलं. झाकण उघडताना फुस्स झालं, बुडबुडे वर आले, तर आत आंबतंय, म्हणजे मीठ कमी किंवा पाणी गेलं. तेलाला जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ते खवट झालं. हे बहुधा उजेडाने होतं. दुकानाच्या काचेत, उन्हाच्या तिरिपेत चमकणारी बरणी दिसायला सुरेख, पण त्याच उन्हाने तिखटाचा रंग उडतो आणि तेल बिघडतं. दुकानदाराला समोर एकच बरणी ठेवायला सांगा आणि बाकीच्या खोक्यात ठेवा. खवट तेल बदलून, बुरा काढून बरणी परत विकायला ठेवायची नाही. बुरा दिसतो तेवढाच नसतो, तो खाली उतरलेला असतो.

आणि तक्रारीचा फोन आला, तर आधी लेबलवरचा घाण्याचा क्रमांक विचारा. मग वहीत त्या क्रमांकापुढे मीठ, तेल, मुरवण्याचे दिवस काय लिहिलेत ते बघा आणि फडताळातली त्याच घाण्याची बरणी काढून उजेडात धरा. ती चांगली असेल तर बहुधा ओला चमचा लागला, बरणी बदलून द्या. तीही बिघडली असेल तर त्या क्रमांकाच्या बरण्या जिथे जिथे गेल्या तिथे त्याच दिवशी फोन करा आणि सगळ्या परत मागवा.